ज्या आकड्यावर खूण नसते

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली, ती फराळाचा डबा आणि तीन जाड वह्या घेऊन. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. एक वही पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीची, दुसरी मेडिसिनची, आणि तिसरी मुलांच्या आजारांची. तिन्हींमध्ये रक्तातल्या आम्ल-अल्कलीवर आणि सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांवर लेक्चरमध्ये उतरवून घेतलेली पानंच्या पानं होती. अक्षर सुरेख आणि मथळे रंगीत. "मावशी, यातलं काहीही विचार, मला येतं," ती म्हणाली. "पण कुणी रिपोर्ट हातात दिला की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही."

मी मेडिसिन शिकवते. ही तक्रार दर वर्षी कानावर येते, आणि विद्यार्थी असताना माझीही हीच होती. म्हणून वह्या उघडण्याआधी मी एका कागदावर सहा आकडे लिहून तिच्यापुढे ठेवले. पीएच ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४. सोडियम १४०, पोटॅशियम ३.४, क्लोराइड ८६.

तिने वरचे तीन आकडे पाहिले आणि लगेच म्हणाली, "एबीजी नॉर्मल आहे." मग खाली नजर गेली. "क्लोराइड कमी आहे, पोटॅशियमही जरा कमी. वांत्या होत असतील."

वांत्यांचं तिने बरोबर ओळखलं होतं. पण 'नॉर्मल' हे उत्तर चूक होतं. या माणसाच्या रक्तात भरपूर आम्ल साठलं होतं आणि वांत्यांमधून तितकंच आम्ल बाहेरही गेलं होतं. बरेच दिवस दारू पिऊन, काही न खाता ओकत राहिलेल्या माणसाचा रिपोर्ट असा येऊ शकतो. दोन विरुद्ध दिशांचे बिघाड एकमेकांना झाकत होते. ते उघडे पडले असते एका साध्या वजाबाकीत, आणि ती वजाबाकी तिला तोंडपाठ होती. मग तिने ती केली का नाही? याचं उत्तर तिच्या वहीतच होतं. अ‍ॅनायन गॅपचं सूत्र 'मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस' या मथळ्याखाली लिहिलेलं होतं. पीएच नॉर्मल दिसल्यावर ती त्या मथळ्यापर्यंत पोचलीच नाही.

त्या चार दिवसांत आम्ही जे केलं ते इथूनच सुरू झालं. टिपणांमध्ये चुका जवळजवळ नव्हत्या, फक्त त्यांचा क्रम शिकवणाऱ्याच्या सोयीचा होता. शिकवणारा आधी आजाराचं नाव सांगतो, मग त्याची कारणं, मग रक्तात काय दिसतं ते. रुग्ण मात्र उलट्या टोकाने येतो. त्याच्याबरोबर आकडे येतात, नाव शोधायचं असतं. नावांप्रमाणे लावलेल्या वहीत नाव माहीत असल्याशिवाय पान सापडत नाही.

पुढे जाण्याआधी ती वजाबाकी समजून घेऊ. रक्तात धन भाराचे आणि ऋण भाराचे कण असतात आणि दोन्ही बाजूंची बेरीज नेहमी सारखी असते. लॅब मात्र सगळेच कण मोजत नाही. धन बाजूला मोठा वाटा सोडियमचा, ऋण बाजूला क्लोराइड आणि बायकार्बोनेटचा. सोडियममधून या दोघांना वजा केलं की साधारण ८ ते १२ उरतात. न मोजलेल्या ऋण कणांची ही शिल्लक, तिलाच अ‍ॅनायन गॅप म्हणतात. एरवी तिच्यात मुख्य वाटा अल्ब्युमिन या प्रथिनाचा असतो. शरीरात किटोन, लॅक्टिक आम्ल किंवा बाहेरून आलेलं एखादं विष साठलं तर त्यांचे ऋण कण या शिल्लकीत भरतात आणि गॅप वाढतो. माझ्या कागदावर १४० मधून ८६ आणि २४ गेले की ३० उरत होते. ३० हा आकडा नॉर्मल माणसाचा नव्हे.

म्हणून नव्या टिपणात आम्ही पहिला बदल हा केला, की गॅप कुठल्याही आजाराच्या पोटात ठेवायचा नाही. तो प्रत्येक रिपोर्टमध्ये काढायचा, तोही पीएचकडे पाहण्याआधी. अनेक पुस्तकांत तो तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतो आणि तिथेही तो चालतो, जर विद्यार्थी तिथपर्यंत न चुकता पोचत असेल तर. परीक्षेच्या घाईत तो पोचत नाही, हे मी पाहिलंय.

पण गॅपच्याही आधी एक प्रश्न येतो: हा रिपोर्ट खरा आहे का? पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले असतात. कार्बन डायऑक्साइडला २४ ने गुणायचं आणि बायकार्बोनेटने भागायचं, की रक्तातल्या हायड्रोजन कणांचं प्रमाण मिळतं. नॉर्मल माणसात ते येतं ४०. पीएच साधारण ७.२५ ते ७.५० च्या दरम्यान असेल तर ८० मधून पीएचचे दशांशापुढचे दोन अंक वजा केले तरी जवळपास तेच उत्तर यायला हवं. ७.४० साठी ८० वजा ४०, म्हणजे ४०. दोन्ही उत्तरं जुळत नसतील तर कुठलातरी आकडा चुकीचा उतरवलाय, किंवा ते आकडे एकाच वेळच्या रक्ताचे नाहीत. अशा रिपोर्टवर डोकं लावण्यात अर्थ नसतो. भाचीच्या वहीत हे सूत्र होतं, पण फिजिऑलॉजीच्या, पहिल्या वर्षाच्या. शेवटच्या वर्षात त्या वहीला कुणी हात लावत नाही.

आता या रीतीने एक रुग्ण पूर्ण पाहू. आकडे मी उदाहरणासाठी बांधलेत, पण असे रुग्ण कुठल्याही मोठ्या वॉर्डात दिसतात. एकोणीस वर्षांची मुलगी, लहानपणापासून मधुमेह, इन्शुलिनवर. तापामुळे खाणं बंद झालं म्हणून घरच्यांनी इन्शुलिनही बंद केलं. दोन दिवस वांत्या, आता श्वास खोल आणि जोरात चाललाय. साखर ५००. पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड २६, बायकार्बोनेट १२. सोडियम १३०, पोटॅशियम ५.४, क्लोराइड ८४.

आधी खरेपणा. २४ गुणिले २६ भागिले १२, उत्तर ५२. ८० वजा २८, तेही ५२. रिपोर्टवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग गॅप. १३० मधून ८४ आणि १२ गेले, उरले ३४. नॉर्मल १२ धरला तर २२ ने जास्त. म्हणजे नको असलेलं आम्ल नक्की साठलंय.

मग पीएच. ७.३५ च्या खाली, म्हणजे रक्त आम्लाच्या बाजूला झुकलंय. हे कुणामुळे? रक्ताच्या आम्लतेला दोन मुठी असतात. एक फुफ्फुसांच्या हातात, ती कार्बन डायऑक्साइडची. दुसरी मूत्रपिंडाच्या हातात, ती बायकार्बोनेटची. कार्बन डायऑक्साइड वाढला की आम्लता वाढते, बायकार्बोनेट वाढलं की कमी होते. इथे बायकार्बोनेट घटलंय, त्यामुळे आम्लता वाढणारच. कार्बन डायऑक्साइडही घटलाय, पण त्याने तर आम्लता कमी व्हायला हवी. मग मूळ बिघाड बायकार्बोनेटचा, आणि फुफ्फुसं तो सावरायला धावलीत.

यानंतर एक प्रश्न येतो आणि तो बहुतेक टिपणांमध्ये अर्धवट सोडलेला असतो. फुफ्फुसं जितकी धावायला हवीत तितकी धावताहेत का? यासाठी विंटर्स या डॉक्टरच्या नावाचं सूत्र आहे. बायकार्बोनेटची दीडपट, अधिक ८. उत्तराच्या दोन खाली, दोन वर इथपर्यंत चालतं. इथे १२ ची दीडपट १८, अधिक ८, म्हणजे २६. प्रत्यक्षात २६ च आहे. फुफ्फुसं आपलं काम चोख करताहेत.

भाचीच्या वहीत या जागी फक्त 'कॉम्पेन्सेटेड' असं लिहिलेलं होतं. मी तिला तो शब्द खोडायला लावला. का, ते सांगायला मी त्याच मुलीचा एकच आकडा बदलला. समजा कार्बन डायऑक्साइड २६ ऐवजी ४० आला. लॅबच्या छापील रिपोर्टवर असामान्य आकड्याशेजारी ठळक खूण असते, वाढलेल्याला एक, घटलेल्याला दुसरी. ४० शेजारी कुठलीच खूण नसेल, कारण ३५ ते ४५ हे नॉर्मल. पण या मुलीत हवा होता २६. ४० आहे, याचा अर्थ ती श्वास घेऊन घेऊन थकत चाललीय, किंवा तिच्या मेंदूवर किंवा फुफ्फुसांवर दुसरंच काही संकट आलंय. गणित करून पाहा. २४ गुणिले ४० भागिले १२, म्हणजे ८०. हायड्रोजन कण नॉर्मलच्या दुप्पट, पीएच ७.१० च्या आसपास. सगळ्या रिपोर्टमधला सर्वांत भयंकर आकडा तोच, आणि नेमकं त्याच्यावरच काही छापलेलं नाही. म्हणून आमच्या टिपणात 'नॉर्मल किती' हा रकाना आम्ही काढूनच टाकला. त्याऐवजी लिहिलं, 'या रुग्णात किती हवा होता'.

या सूत्रालाही मर्यादा आहे, आणि ती टिपणात लिहायलाच हवी. फुफ्फुसांना पूर्ण सावरून घ्यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. अर्ध्या तासापूर्वी फीट येऊन गेलेल्या माणसात हे सूत्र जुळलं नाही तर लगेच दुसरा आजार शोधू नये.

मूळ उदाहरणाकडे परत येऊ. गॅप २२ ने वाढलाय. साठलेल्या आम्लाचा प्रत्येक कण ढोबळमानाने बायकार्बोनेटचा एक कण खर्च करतो. २२ खर्च झाले आणि आज १२ शिल्लक आहेत, तर हे आम्ल साठायच्या आधी खात्यात ३४ असायला हवेत. नॉर्मल तर २४. जादाचे १० कुठून आले? वांत्यांमधून. जठरातलं आम्ल बाहेर गेलं की रक्तात बायकार्बोनेट वाढतं. म्हणजे या मुलीला आम्ल वाढवणारा आणि आम्ल घटवणारा असे दोन बिघाड एकाच वेळी आहेत, आणि वांत्या नसत्या तर तिचं रक्त कितीतरी जास्त आम्ल दिसलं असतं. पुस्तकं याला डेल्टा म्हणतात आणि एक गुणोत्तर देतात. ते गुणोत्तर मला विद्यार्थी असताना कधी लक्षात राहिलं नाही, वर काय आणि खाली काय यातच गोंधळ व्हायचा. 'आधी खात्यात किती होते' हा प्रश्न मात्र कुणीही विसरत नाही, म्हणून टिपणात तोच ठेवला.

इथे हात जरा आवरता ठेवावा लागतो. एकास एक हा हिशेब ढोबळ आहे. किटोन लघवीतून निघून जातात, लॅक्टिक आम्लाचं प्रमाण वेगळं पडतं, आणि गॅप मुळात १२ होता की ८ हे त्या रुग्णात आपल्याला माहीत नसतं. उत्तर ३४ आलं तर दुसरा बिघाड आहे म्हणावं. २७ आलं तर गप्प बसावं. माझ्या पाहण्यातले हुशार विद्यार्थी इथेच वाहवत जातात, दोन-तीनच्या फरकावर तिसरा आजार जाहीर करतात.

भाचीने हे उदाहरण पहिल्यांदा स्वतः सोडवलं तेव्हा तिचा गॅप ४० आला. मी विचारलं, सोडियम किती घेतलंस? १३६. साखर खूप वाढली की ती पेशींमधलं पाणी रक्तात ओढते आणि सोडियम पातळ होऊन कमी दिसतं. म्हणून साखर १०० च्या वर दर १०० ला सोडियममध्ये १.६ मिळवून खरा अंदाज घेतात. ५०० साखरेला ६.४, म्हणजे १३६. हे तिला नीट आठवलं होतं आणि त्याचा उपयोगही आहे, पाणी किती कमी पडलंय ते कळायला. पण गॅपसाठी ते वापरायचं नसतं. साखरेने ओढलेल्या पाण्याने क्लोराइड आणि बायकार्बोनेटही तितकेच पातळ झालेत. एकालाच दुरुस्त करून बाकीच्यांना तसंच ठेवलं तर हिशेब फसणारच. ही चूक तिने लाल शाईने उदाहरणातच लिहून ठेवली, चुकीच्या उत्तरासकट. सोडवलेल्या उदाहरणात फक्त बरोबर वाट दाखवली तर ते वाचताना सगळं सोपं वाटतं, आणि आपण नेमके कुठे घसरतो ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं.

आता दुसरा रुग्ण. चाळिशीचा शेतमजूर, तीन दिवस पाण्यासारखे जुलाब. पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड २६, बायकार्बोनेट १२. वरचे तिन्ही आकडे त्या मुलीचेच, मुद्दामच तेच ठेवले. फरक खाली आहे. सोडियम १३६, पोटॅशियम २.९, क्लोराइड ११४.

एबीजीचा कागद एवढाच पाहिला तर या दोघांना वेगळं सांगताच येणार नाही. गॅप काढला की लगेच वेगळे होतात. १३६ मधून ११४ आणि १२ गेले, उरले १०. इथे परकं आम्ल साठलेलं नाही, बायकार्बोनेटच आतड्यातून वाहून गेलंय आणि त्याची ऋण बाजूची रिकामी जागा क्लोराइडने भरलीय. वजाबाकीची शिल्लक म्हणूनच हलली नाही. मुलीच्या रक्तात ती जागा किटोनांनी घेतली होती, त्यामुळे क्लोराइडला वाढायचं कारणच नव्हतं, उलट वांत्यांमधून तेही गेलं.

खरे जुलाबाचे रुग्ण इतके सरळ नसतात हेही खरं. फार पाणी गेलं, रक्तदाब कोसळला की लॅक्टिक आम्ल साठतं आणि गॅपही वाढतो. पण पहिलं उदाहरण शुद्ध असावं, मिश्र नंतर.

ही जोडी ठेवल्यावर भाचीने विचारलं, "मग इलेक्ट्रोलाइट्सची वही वेगळी कशाला?" मला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. क्लोराइडशिवाय एबीजी अर्धा, आणि एबीजीशिवाय पोटॅशियम तर वाचताच येत नाही. तिच्या वहीत हायपोकॅलेमियाची अठरा कारणं ओळीने लिहिलेली होती. त्यातली बरीचशी या एकाच प्रश्नाने गळतात, की रक्त आम्लाच्या बाजूला आहे की अल्कलीच्या. पोटॅशियम कमी आणि बायकार्बोनेटही कमी, तर जुलाब किंवा मूत्रपिंडाच्या नलिकांचा आजार आठवावा. पोटॅशियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त, तर वांत्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नाहीतर अल्डोस्टेरोनचा अतिरेक.

पोटॅशियमची पायरी मात्र आम्हाला सर्वांत जास्त वेळा लिहावी लागली. वहीत एक ओळ चौकट करून ठेवलेली होती, 'अ‍ॅसिडोसिसमध्ये पोटॅशियम वाढतं'. दोन्ही रुग्णांना अ‍ॅसिडोसिस आहे, तोही सारखाच. एकाचं पोटॅशियम ५.४, दुसऱ्याचं २.९. ही ओळ पाठ करून कुणाचंच नीट उत्तर देता येत नाही.

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्ताच्या नळीत आपण मोजतो ते बाहेर राहिलेलं चिमूटभर. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: एकूण साठा किती उरलाय, आणि उरलेला कुठे बसलाय? मधुमेहाच्या मुलीत लघवीतून आणि वांत्यांमधून पोटॅशियम भरपूर गेलंय. दर किलो वजनामागे ३ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट इतकी तूट या आजारात सहज असते. तरी रक्तात ५.४, कारण पोटॅशियमला पेशीत ढकलणारं इन्शुलिनच नाही, आणि वाढलेली साखर पेशीतलं पाणी ओढताना पोटॅशियमही बाहेर आणते. किटोनांसारख्या सेंद्रिय आम्लांनी स्वतः पोटॅशियम फारसं बाहेर येत नाही, ही गोष्ट त्या चौकटीतल्या ओळीत हरवली होती. मजुराच्या बाबतीत साठा जुलाबातून गेलाय आणि लपवणारं कुणी नाही, म्हणून २.९ दिसतंय.

यातला धोका पुढच्या तासांचा आहे. मुलीला इन्शुलिन सुरू केलं की पोटॅशियम पेशीत पळतं आणि ५.४ चं बघता बघता ३ होऊ शकतं. असा रुग्ण सुरुवातीलाच साडेतीनच्या खाली असेल तर आधी पोटॅशियम देऊन ते वर आणतात आणि मगच इन्शुलिन सुरू करतात. जुन्या पुस्तकांत ही सीमा ३.३ दिसेल. नाहीतर हृदयाचा ठोका बिघडून रुग्ण दगावू शकतो, तोही उपचारानेच. मजुराला केवळ रक्त आम्ल दिसतंय म्हणून सोडा-बायकार्ब भरभर दिलं तर तेच घडेल, २.९ आणखी खाली जाईल. टिपणात या पायरीचं नाव आता 'पोटॅशियम: साठा आणि जागा' असं आहे. खाली एकच ओळ, 'उपचार सुरू झाल्यावर हे कुठे जाईल?'

कारणांच्या याद्या आम्ही सगळ्यात शेवटी नेल्या. वाढलेल्या गॅपच्या कारणांसाठी 'मडपाइल्स' नावाची इंग्रजी अक्षरांची साखळी पिढ्यान् पिढ्या पाठ करतात. तिच्यावर माझा राग नाही. पण ती पहिल्या पानावर असली की विद्यार्थी आकडे न पाहता अक्षरं मोजत बसतो. गॅप वाढलाय हे सिद्ध झाल्यावर तिची पाळी येते.

अल्ब्युमिनची गोष्ट गॅपच्याच चौकटीत टाकली. ते ४ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दर एका ग्रॅमला गॅपमध्ये २.५ मिळवायचे. यकृताचा जुना आजार, अल्ब्युमिन २, गॅप १२, असं दिसलं तर खरा गॅप १७. तोही बिनखुणेचा.

असं सगळं एका आडव्या कागदावर मावलं. कागदाच्या मागच्या बाजूला श्वसनाच्या बिघाडांचे चार आकडे. कार्बन डायऑक्साइड १० ने वाढला तर बायकार्बोनेट पहिल्या काही तासांत १ ने वाढतं, दिवसांनंतर साधारण साडेतीन ते चारने. १० ने घटला तर लगेच २ ने कमी होतं, दिवसांनंतर चार-पाचने. यावर जास्त वेळ घालवला नाही. हे चार आकडे सरळ पाठ करायचे असतात.

उदाहरणांच्या बाबतीत मात्र आम्ही कंजुषी केली नाही. मधुमेहाची मुलगी पूर्ण सोडवलेली ठेवली. मजुराच्या उदाहरणात शेवटच्या दोन पायऱ्यांची जागा कोरी सोडली. दारूच्या रुग्णात फक्त खरेपणा आणि गॅप भरून दिला. चौथ्यापासून नुसते आकडे. सगळं सोडवलेलं वाचत राहिलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे हे भाचीला पाचव्या उदाहरणात कळलं. तिथे ती खरेपणाची पायरी विसरली आणि मी मुद्दाम चुकीच्या टाकलेल्या पीएचवर पाऊण तास झगडत बसली.

शेवटच्या दिवशी मी तिला कोपनहेगनची गोष्ट सांगितली. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची साथ आली आणि ब्लेगडम हॉस्पिटल श्वास कोंडलेल्या रुग्णांनी भरून गेलं. मृत्यूच्या आधी त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं सापडायचं. बायकार्बोनेट वाढलं म्हणजे रक्त अल्कली झालं, असा डॉक्टरांचा समज झाला, आणि या अल्कलीचं कारण मिळेना. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने मात्र म्हटलं, की हे उलट आहे. स्नायू लुळे पडल्याने रुग्ण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत, रक्त आम्ल झालंय, आणि वाढलेलं बायकार्बोनेट त्याचाच परिणाम आहे. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याने पिशवीने हवा द्यायला सुरुवात केली आणि ती जगली. मग तशीच हवा इतरांना द्यायला पाळ्या लावून विद्यार्थी बसले, रात्रंदिवस, हाताने पिशवी दाबत. महिनोन्महिने हे चाललं आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला. त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजून दाखवला, तो आम्लाच्याच बाजूला होता.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने शेवटचं कार्ड स्वतः तयार केलं. त्यावर एकच आकडा आहे, बायकार्बोनेट ३८, आणि खाली प्रश्न, 'निदान काय?' पाठीमागे तिच्या सुरेख अक्षरात उत्तर आहे: 'एवढ्यावरून सांगता येत नाही. पीएच आणि कार्बन डायऑक्साइड मागवा. तोवर रुग्णाचा श्वास पाहा.'